कुत्रा चावल्यानंतर हाती असलेला वेळ

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणे दिसण्याआधी योग्य उपचार झाले, तर मात्र हाच आजार जवळजवळ नेहमी टाळता येतो. इतका टोकाचा फरक पडतो, कारण रेबीजचा विषाणू मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ घेतो.

हा विषाणू पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत असतो. चावल्यावर तो जखमेतल्या स्नायूत उतरतो आणि तिथून मज्जातंतूत शिरतो. मग रक्तावाटे न जाता तो मज्जातंतूच्या आतूनच मेंदूकडे सरकत राहतो. बहुतेकांमध्ये चावा आणि पहिले लक्षण यांत दोन ते तीन महिने जातात. कधी आठवडाभरच, तर कधी वर्षही लागते. चेहरा, मान आणि हाताची बोटे यांवरचे चावे जास्त धोक्याचे असतात, कारण तिथे मज्जातंतूंचे जाळे दाट असते आणि चेहऱ्यापासून मेंदू फार दूर नसतो. लहान मुलांची उंची कमी, म्हणून त्यांना नेमके डोक्याजवळ चावे बसतात.

विषाणू जखमेत आहे तोवर त्याला मारता येते. मज्जातंतूत शिरला की शरीराच्या संरक्षक यंत्रणेला तो जवळपास दिसेनासा होतो. चावल्यानंतरची सगळी घाई यासाठीच.

पहिले काम घरच्या घरी करायचे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटे धुवा. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबणाने ते फुटते, त्यामुळे हे धुणे म्हणजे उपचाराचाच भाग आहे. घड्याळ लावूनच धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पुष्कळ वाटतात. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा. जखमेवर दुसरे काहीही चोळू नका, आणि ती घट्ट बांधून बंदही करू नका. मग त्याच दिवशी दवाखाना गाठा.

समजा, २० किलो वजनाच्या मुलाच्या हाताला चावा बसून रक्त आले आहे. अशा मुलाला लस लगेच सुरू करतात. पण लसीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडे तयार करते, आणि त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. मधल्या काळात शरीर संरक्षणाविना राहू नये म्हणून तयार प्रतिपिंडे द्यावी लागतात. यालाच रेबीज इम्युनोग्लोब्युलिन किंवा बोलीत सीरम म्हणतात. मानवी सीरमची मात्रा किलोमागे २० युनिट, म्हणजे या मुलाला जास्तीत जास्त ४०० युनिट. घोड्यापासून बनवलेले असेल तर किलोमागे ४०, म्हणजे ८००. ते जखमेत आणि तिच्या कडेने टोचायचे असते, कारण विषाणू तिथे आहे. इथेच बऱ्याचदा चूक होते: लस मिळते, पण सीरम राहून जाते. म्हणून रक्त आले असेल तर पालकांनी स्वतःहून विचारावे, ‘सीरम द्यायचे आहे का?’ लसीच्या पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले की सीरम देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार होऊ लागलेली असतात.

लस दंडात देतात, लहान बाळांना मांडीत. नितंबात देत नाहीत, कारण तिथे तिचा परिणाम कमी होतो. ती स्नायूत द्यायची की त्वचेत, यावर डोसांच्या तारखा ठरतात. त्या कागदावर लिहून घ्या आणि एकही चुकवू नका. पोटात १४ इंजेक्शने ही जुनी गोष्ट झाली.

आता कुत्र्याकडे पाहू. मेंदूत पोहोचलेला विषाणू तिथून लाळग्रंथींत उतरतो. त्यामुळे कुत्रा आजारी दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच त्याची लाळ संसर्गजन्य असू शकते. ‘कुत्रा तर ठणठणीत होता’ हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही. चावलेला कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर १० दिवस लक्ष ठेवतात. चावताना लाळेत विषाणू असेल, तर कुत्रा एवढ्या काळात आजारी पडून मरतो. दहाव्या दिवशी तो धडधाकट असला, तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. मात्र उपचार सुरू करायला १० दिवस थांबायचे नाही. शिवाय पिसाळलेला प्रत्येक कुत्रा अंगावर धावून येत नाही. काहींचा जबडा लुळा पडतो, लाळ गळते, आवाज बदलतो. घशात काही अडकले असेल या समजुतीने माणसे त्याच्या तोंडात हात घालतात आणि लाळेच्या संपर्कात येतात.

माणसांतले ९९ टक्के रेबीज कुत्र्यांकडून येतात, म्हणून खरा बंदोबस्त कुत्र्यांच्या लसीकरणात आहे. एक पिसाळलेला कुत्रा सरासरी एक ते दोनच कुत्र्यांना आजार देतो. त्यामुळे परिसरातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. कुत्रे मारून हे साधत नाही. मारलेल्यांत लस घेतलेलेही जातात आणि त्यांच्या जागी लस न घेतलेले नवे कुत्रे येतात. पाळीव पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर पहिला डोस द्यावा, वर्षाने दुसरा, आणि पुढचे पशुवैद्य सांगतील तसे.

आणि चाव्याला आठवडे किंवा महिने उलटले असतील, तेव्हा काहीच केले नसेल, तरी आज दवाखान्यात जा. लक्षणे नसतील तर कालच चावल्यासारखे समजून उपचार सुरू करतात.