विहिरीतली उडी आणि हवेतला तो एक क्षण

मे महिन्यात भाच्याने गावच्या विहिरीत मारलेल्या मुटक्याचा व्हिडिओ पाठवला. अंग पाण्याला टेकतं त्या क्षणी त्याने वेग एकदम 25 टक्क्यांवर आणला होता. उडी जोरदार होती, पण पडद्यावर ती कापसाच्या बाहुलीची वाटत होती. "ठसा उमटायला तिथेच संथ करायला हवं ना, मामा?" असं त्याने विचारलं. बहुतेकांचा समज असाच असतो. रॅम्प, म्हणजे चालू शॉटमध्ये वेग कमी-जास्त करणं, कुठे खपतं आणि कुठे डोळ्यात खुपतं, हे गुरुत्वाकर्षण ठरवतं.

पडणारी वस्तू t सेकंदांत ½gt² अंतर कापते, हे शाळेत शिकलेलं असतं. वेग चौपट कमी केला की तेच अंतर कापायला चौपट वेळ लागतो. वेळेचा वर्ग होत असल्यामुळे पडद्यावरचं गुरुत्वाकर्षण चौपट नाही, सोळापट कमी भासतं. चंद्रावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. म्हणजे 25 टक्के वेगाने पडणारा मुलगा चंद्रावरच्या माणसापेक्षाही हलका दिसतो. आपटण्याचा क्षण संथ केला की वजन जातं ते यामुळे.

आता रॅम्पकडे येऊ. मला या विषयातली सर्वांत आवडती गोष्ट इथे आहे. वेग बदलत असताना पडद्यावरचं त्वरण असं मिळतं:

`A = s²·a + v·(ds/dT)`

s म्हणजे आपण ठेवलेला वेग (25 टक्के म्हणजे 0.25), a आणि v हे मुलाचं खरं त्वरण आणि खरा वेग, आणि ds/dT म्हणजे पडद्यावरच्या वेळेत s किती झपाट्याने बदलतो ते. पहिलं पद वर आलंच. दुसरं पद म्हणजे निसर्गात नसलेला, एडिटरने दिलेला धक्का. कोणीतरी हवेत ब्रेक दाबल्यासारखं वाटतं ते याच पदामुळे. पण त्यात v चा गुणाकार आहे. v शून्याजवळ असेल तर रॅम्प कितीही तीव्र असो, धक्का जवळजवळ नाहीसा होतो. आणि उडीच्या सर्वोच्च बिंदूला उभा वेग शून्यच असतो.

भाच्याच्या उडीचे आकडे घेऊ. काठ पाण्यापासून 5 मीटरवर आहे आणि तो साधारण 30 सेंटिमीटर वर उडाला. माथा गाठायला पाव सेकंद आणि तिथून पाण्यापर्यंत एक सेकंदाहून किंचित जास्त लागतो. माथ्याच्या आधी आणि नंतर 0.1 सेकंद धरा, तेवढ्यात शरीर माथ्यापासून फक्त 5 सेंटिमीटर ढळतं. पाण्याआधीच्या शेवटच्या 0.2 सेकंदात मात्र ते सुमारे 1.8 मीटर अंतर कापतं.

म्हणून आम्ही रॅम्प हलवला. पाय काठ सोडतात तिथे वेग उतरू लागतो आणि माथ्याच्या 0.1 सेकंद आधी 25 टक्क्यांवर येतो. माथ्यानंतर 0.1 सेकंदाने तो चढायला लागतो आणि 0.3 सेकंदापर्यंत पुन्हा 100 टक्के होतो. तोवर मुलगा जेमतेम 44 सेंटिमीटर खाली आलेला असतो. उरलेली उडी आणि पाण्याचा फवारा पूर्ण वेगात, पूर्ण वजनासह दिसतो. कीफ्रेमच्या, म्हणजे वेगाचा आकडा जिथे नेमतो त्या खुणांच्या, दोन्ही टोकांना वक्राची गोलाई दिली, कारण सरळ रेषेच्या रॅम्पमध्ये तो धक्का टोकाला अचानक सुरू होतो.

एक मर्यादा राहते. माथ्यावर उभा वेग शून्य असला तरी आडवा वेग शून्य नसतो. बाजूने चित्रण केलं तर तो आडवा वेग रॅम्प उघडा पाडतो. समोरच्या काठावरून घेतलं तर तीच हालचाल कॅमेऱ्याच्या दिशेने होते आणि फारशी जाणवत नाही.

चित्रण सेकंदाला 100 फ्रेमचं हवं. 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर माथ्याचे ते 0.2 सेकंद 20 खऱ्या फ्रेम देतात आणि 0.8 सेकंद टिकतात. 25 फ्रेमचं चित्रण ताणलं तर सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम अंदाजाने रचतं. पाण्याचे थेंब आणि बोटं तिथे वितळल्यासारखी दिसतात. शटर शक्यतो 1/100 सेकंद ठेवावं, म्हणजे पूर्ण वेगातल्या भागात लागोपाठच्या दोन फ्रेम मिसळून नेहमीच्या 1/50 चा पुसटपणा मिळतो. नाहीतर तो भाग थरथरतो. आपल्याकडे विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असल्यामुळे दिव्याखाली हेच आकडे लुकलुकही टाळतात.

"भीतीच्या क्षणी वेळ खरंच संथ होतो, म्हणून असं दाखवतात" हे मात्र खरं नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना 31 मीटरवरून जाळ्यात सोडलं आणि मनगटावरचे झरझर बदलणारे आकडे वाचायला सांगितलं. त्यांना ते एरवीपेक्षा चांगले वाचता आले नाहीत. पडणं लांबल्यासारखं वाटलं, ते नंतर आठवताना.

भाच्याच्या नव्या आवृत्तीत एक चूक राहिली होती. मागे पायरीवर उभा असलेला मित्र टाळ्या वाजवत होता आणि त्याचे हात मधेच मंदावत होते. फ्रेम थोडी आत घेऊन तो मित्र कापल्यावर ते दिसेनासं झालं.