इन्सुलिनची शिकवण आणि रुग्णाचे वय : पार्श्वभूमी

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले आणि मधुमेहाच्या उपचारांचे स्वरूपच पालटले, कारण हे औषध रोज, घरी आणि बहुधा रुग्णाने स्वतःच घ्यायचे होते. बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनी १९१८ मध्येच डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी पुस्तिका लिहिली होती. इन्सुलिन आल्यावर त्यांच्याकडील परिचारिका रुग्णांना उपचार शिकवू लागल्या. वयानुसार शिकवण्याला मानसशास्त्राचा आधार मिळायला मात्र बराच काळ जावा लागला.

मूल कार्यकारणाचा विचार टप्प्याटप्प्याने शिकते, हे जाँ पियाजे यांचे प्रतिपादन बिबास आणि वॉल्श यांनी १९८० मध्ये आजाराविषयीच्या मुलांच्या कल्पनांना लावून पाहिले. पाच वर्षांच्या मुलीला ‘मी गोड खाल्लं म्हणून मला सुई टोचतात’ असे वाटू शकते. तिला स्वादुपिंड समजावण्याआधी ‘तुझ्या कोणत्याही चुकीमुळे हे झालेलं नाही’ हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, बाहुलीला खोटे इंजेक्शन देऊ द्यावे लागते आणि सुई मांडीत की दंडात, एवढी निवड तिच्याकडे सोपवावी लागते. पुढे सुसान केरी यांनी १९८५ मध्ये दाखवले, की मुलांची अडचण तर्कशक्तीपेक्षा शरीराविषयीच्या अपुऱ्या माहितीची असते. माझ्या मते ही दुरुस्ती फार मोलाची आहे, कारण दीर्घकाळ आजारी असलेले सात वर्षांचे मूल आपल्या थोरल्या भावंडापेक्षा जास्त जाणत असू शकते.

किशोरांना सतत कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे असे वाटते आणि धोका इतरांना असतो, आपल्याला नाही, असाही विश्वास असतो, हे डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये मांडले. म्हणूनच शाळेच्या डब्यापूर्वीचा डोस मित्रांसमोर चुकवला जातो आणि वीस वर्षांनंतर मूत्रपिंड बिघडेल ही भीती निष्फळ ठरते. उद्याच्या सामन्यात दमछाक होईल, हे मात्र पटते. अशा वेळी भेटीचा काही भाग पालकांविना घ्यावा. पौगंडावस्थेतील संप्रेरकांमुळे इन्सुलिनची गरज वाढत असल्याने वाढलेली साखर हा प्रत्येक वेळी बेफिकिरीचा पुरावा मानू नये.

प्रौढ व्यक्ती आपल्या अनुभवाशी आणि समोरच्या अडचणीशी जोडूनच शिकते, हा माल्कम नोल्स यांचा १९६८ पासूनचा आग्रह होता.

वृद्धांच्या बाबतीत नवी माहिती पचवण्याचा वेग मंदावतो, नजर आणि बोटेही साथ देत नाहीत. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या कुपीसाठी लाल टोपणाची आणि १०० युनिटच्या कुपीसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज मिळते. ४० च्या कुपीतून नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर प्रत्यक्षात आठच युनिट शरीरात जातात आणि साखर कारणाविना चढलेली दिसते. ‘समजलं का, आजोबा?’ या प्रश्नाला होकारच मिळतो. त्यामुळे एका भेटीत एकच कृती शिकवून, त्यांच्याच कुपीतून आणि त्यांच्याच सिरिंजने डोस भरून दाखवायला सांगावे.