पहारा कोणाच्या फायद्याचा?

एखादी मोठी कंपनी बुडाली की दुसऱ्या दिवसापासून एकच निदान कानावर पडतं: वरची माणसं हावरट होती. मला हे निदान कधीच पटलं नाही. हाव सगळीकडेच असते, पण सगळ्या कंपन्या काही बुडत नाहीत. ज्या बुडतात तिथे हावेला मोकळं रान कसं मिळालं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर माणसांच्या स्वभावापेक्षा टक्केवारीच्या गणितात जास्त सापडतं, आणि ते गणित शाळेतलंच आहे.

कंपनीत पैसा एकाचा असतो आणि निर्णय दुसरा घेतो. भागधारक मालक असतात, पण रोजचा कारभार पगारी व्यवस्थापकांच्या हाती असतो. आपल्या वतीने दुसऱ्याला मुखत्यार नेमलं की तो आपलं हित पाहील की स्वतःचं, हा जुनाच पेच. अर्थशास्त्रात याला एजन्सी प्रॉब्लेम म्हणतात. मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग या दोघांनी 1976 मध्ये या पेचाचा हिशेब मांडला. त्यातली एक गोष्ट मला आजही थक्क करते, म्हणून ती आकड्यांनिशी सांगतो. आकडे माझे आहेत, युक्तिवाद त्यांचा.

समजा, एका माणसाने कंपनी उभी केली आणि ती पूर्ण त्याच्या मालकीची आहे. नीट चालवली तर तिची किंमत 1000 कोटी. त्याला काही हौशी आहेत: भव्य मुख्यालय, कंपनीचं विमान, पैसे न देणारा पण मनापासून आवडणारा एखादा प्रकल्प. यावर 100 कोटी खर्च होतील, आणि त्यातून मिळणारं समाधान त्याच्या लेखी 40 कोटींचं आहे. तो हा खर्च करेल का? नाही. सगळे 100 कोटी त्याच्याच खिशातून जातात, आणि 40 च्या सुखासाठी 100 कोण घालवेल?

आता तो कंपनीचा 80 टक्के हिस्सा विकतो आणि 20 टक्के स्वतःकडे ठेवतो. खुर्चीवर तोच आहे, स्वभावही तोच आहे. पण त्याच 100 कोटींच्या खर्चातले त्याच्या वाट्याला फक्त 20 येतात, उरलेले 80 इतरांच्या माथी. सुख मात्र पूर्ण 40 चं, आणि ते एकट्याचं. काल तोट्याचा असलेला व्यवहार आज फायद्याचा झाला. मधल्या काळात माणूस बिघडलेला नाही, फक्त त्याचा हिस्सा बदलला आहे. पगारी अधिकाऱ्याकडे तर जेमतेम 0.1 टक्का शेअर असतील. त्याच्यासाठी 100 कोटींच्या उधळपट्टीची झळ फक्त 10 लाखांची.

इथपर्यंत बहुतेकांना अंदाज असतो. खरी गंमत पुढे आहे. हिस्सा विकत घेणारे भोळे नसतात. विक्रीनंतर हा माणूस 100 कोटी उडवणार, हे त्यांना कळतं. म्हणून ते कंपनीची किंमत 1000 न धरता 900 धरतात आणि 80 टक्क्यांचे 720 कोटी देतात. मालकाच्या हाती काय उरलं? विक्रीचे 720, उरलेल्या हिश्शाचे 180 आणि हौसेचे 40, मिळून 940. विक्रीआधी तो 1000 कोटींचा धनी होता. मग 60 कोटी कोणाचे बुडाले? खरेदीदारांचे नाहीत, त्यांनी 720 देऊन 720 ची वस्तू घेतली. बुडाले ते खुद्द त्याचेच.

समजा त्याने विकण्यापूर्वीच सांगितलं की माझ्यावर पहारा बसवा, आणि त्या पहाऱ्याला 15 कोटी खर्च आला. आता हौस करता येणार नाही आणि कंपनीची किंमत 985 होईल. विक्रीचे 788 अधिक स्वतःचे 197, एकूण 985. म्हणजे स्वतःवर पहारा बसवून घेतल्याने त्याचे 45 कोटी वाचले. संचालक मंडळ म्हणजे व्यवस्थापकाच्या पायातली बेडी, असं आपण समजतो. या गणितात ती बेडी तो स्वतःहून मागतो, कारण ती नसल्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

या हिशेबात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पुढे काय होणार हे खरेदीदाराला बरोबर ओळखता येतं, आणि पहारेकरी खरोखर पहारा देतो. प्रत्यक्षात गाडी घसरते ती बहुधा दुसऱ्यापाशी.

पहारा भागधारक स्वतः का देत नाहीत? ज्याच्याकडे 0.01 टक्का हिस्सा आहे, त्याने वेळ आणि पैसा खर्चून 100 कोटींची उधळपट्टी पकडली, तर त्याच्या वाट्याला लाखभर रुपये येतात. बाकी सगळा फायदा इतरांना फुकट. म्हणून जो तो दुसऱ्याची वाट पाहतो आणि सगळे मिळून प्रतिनिधी निवडतात. तेच संचालक मंडळ. कंपनी चालवणं हे त्याचं काम नाही. मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणं आणि गरज पडली तर काढणं, त्याचा मोबदला ठरवणं, मोठे व्यवहार मंजूर करणं किंवा अडवणं आणि हिशेबांवर नजर ठेवणं, हे त्याचं काम. पण हे लोक वर्षातून मोजक्या वेळा भेटतात आणि समोर आलेल्या कागदांवरून निर्णय घेतात. ते कागद तयार करतो व्यवस्थापक. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच डोळ्यांनी पाहायचं. मंडळाचं खरं दुखणं हे आहे, आणि त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे एन्रॉन.

अमेरिकेतली ही ऊर्जा कंपनी 2 डिसेंबर 2001 रोजी दिवाळखोरीत गेली. तिच्या संचालकांपैकी बहुतेक बाहेरचे होते. लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष स्टॅनफर्डमध्ये लेखाशास्त्र शिकवलेले प्राध्यापक होते. 2000 साली एका अमेरिकी नियतकालिकाने या मंडळाची गणना देशातल्या सर्वोत्तम मंडळांमध्ये केली होती. अशा याद्या आणि मुखपृष्ठावरचे चमत्कारी मुख्याधिकारी यांच्यावरचा विश्वास मला बुवाबाजीच्याच जातीचा वाटतो. दोन्हीकडे नाव पाहून माणसं पुरावा मागायचं सोडून देतात.

जून 1999 मध्ये या मंडळासमोर एक विषय आला. मुख्य वित्त अधिकारी अँड्र्यू फॅस्टाव एलजेएम नावाची भागीदारी संस्था काढणार होते. ती चालवणार तेच, आणि ती व्यवहार करणार एन्रॉनशीच. कंपनीच्या आचारसंहितेत हे बसत नव्हतं, म्हणून मंडळाने त्यांना अपवाद मंजूर केला. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या, आणखी मोठ्या संस्थेसाठीही तेच झालं. आता एन्रॉन मालमत्ता विकत असे, तेव्हा विकणाऱ्या बाजूला फॅस्टावच्या हाताखालची माणसं असत आणि घेणाऱ्या बाजूला फॅस्टाव. ज्याच्या हाती आपली बढती, त्याच्याशीच भावाची घासाघीस करायची. कंपनीच्या खजिनदाराने मार्च 2000 मध्ये आपण याबद्दल वरिष्ठांकडे तक्रार केल्याचं पुढे अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितलं. ती तक्रार संचालक मंडळापर्यंत पोहोचली नाही.

मंडळाने अटी घातल्या नव्हत्या असं नाही. प्रत्येक व्यवहार दोन अधिकाऱ्यांनी तपासायचा होता आणि लेखापरीक्षण समितीने वर्षातून एकदा आढावा घ्यायचा होता. पण ते दोन अधिकारी व्यवस्थापनातलेच, आणि वार्षिक आढावा त्यांनीच मांडलेल्या यादीवर वरवर नजर फिरवून संपत असे.

सगळ्यात बोलकी गोष्ट आहे एका साध्या प्रश्नाची: फॅस्टावना या संस्थांमधून मिळतं किती? ऑक्टोबर 2000 मध्ये ठरलं की मोबदला समितीने हे पाहायचं. समितीच्या अध्यक्षांनी कंपनीतल्या संबंधित अधिकाऱ्याकडे माहिती मागितली, पण फॅस्टावचं नाव न घेता. सगळ्याच वरिष्ठ अधिकाऱ्यांचं बाहेरचं उत्पन्न कळवा, असं त्यांनी सांगितलं. नाव घेतलं तर कुजबुज सुरू होईल, ही भीती. माहिती आली नाही, आणि त्यांनीही विषय सोडून दिला. पुढे वर्षभर कोणी विचारलं नाही. ऑक्टोबर 2001 मध्ये वृत्तपत्रांतून बातम्या आल्यावर दोन संचालकांनी 23 तारखेला फॅस्टावना फोन लावून थेट विचारलं. उत्तर आलं: दोन्ही संस्थांमधून मिळून सुमारे 4 कोटी 50 लाख डॉलर. दुसऱ्याच दिवशी त्यांना कामावरून दूर केलं गेलं. वर्षभर अडलेली माहिती एका फोनवर मिळाली.

व्यवस्थापकांना शेअर दिले की त्यांचं आणि मालकांचं हित जुळेल, हा उपायही एन्रॉनमध्ये होता. वरिष्ठांच्या मोबदल्यात स्टॉक ऑप्शन भरपूर होते. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क. भाव चढला तर फायदा, पडला तर हक्क न वापरता सोडून द्यायचा, खिशातलं काही जात नाही. शिवाय भाव चढतो तो जाहीर होणाऱ्या नफ्यावर, आणि नफ्याचा आकडा कळवणारे व्यवस्थापकच. म्हणजे हा उपाय पहाऱ्याची गरज कमी करत नाही, उलट वाढवतो.

लेखापरीक्षकाचीही अशीच कोंडी होती. आर्थर अँडरसन या संस्थेला एन्रॉनकडून 2000 साली सुमारे 5 कोटी 20 लाख डॉलर मिळाले. त्यातले निम्म्याहून अधिक तपासणीचे नव्हते, सल्ला आणि इतर कामांचे होते. 2002 च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्याने ही कोंडी दोन बाजूंनी फोडण्याचा प्रयत्न केला. लेखापरीक्षक नेमणं, त्याचं शुल्क ठरवणं आणि त्याच्याकडून ऐकून घेणं हे काम व्यवस्थापनाकडून काढून स्वतंत्र संचालकांच्या समितीकडे दिलं. तपासणाऱ्याने त्याच कंपनीला सल्ल्याची बरीचशी कामं विकायला मनाई केली. मला यातला पहिला बदल जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे मंडळाला व्यवस्थापकाला वळसा घालून माहिती मिळण्याची एक वाट कायद्याने उघडली. समितीच्या अध्यक्षाने नाव घेऊन प्रश्न विचारावा, हे मात्र कोणत्याही कायद्यात लिहिता येत नाही.

बाहेरच्या वाचकाला यातलं काही कळू शकतं का? थोडंफार कळतं. वार्षिक अहवालात संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप असते, शेवटच्या पानांकडे, बारीक अक्षरात. कंपनीने कोणाशी व्यवहार केला, ते कंपनीच्या आतल्या कोणाशी जोडलेले आहेत आणि अटी योग्य होत्या हे कोणी ठरवलं, एवढं तिथे शोधायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘व्यवस्थापनाच्या मते’ असं असेल, तर पहारेकऱ्याने स्वतः पाहिलेलं नाही असं समजावं. एन्रॉनच्या 2000 सालच्या हिशेबांतही अशी टीप होती. काही भागीदारी संस्थांशी व्यवहार झाले असून त्या चालवणारी व्यक्ती कंपनीचीच एक वरिष्ठ अधिकारी आहे, असं तिथे छापलेलं होतं. नाव तेवढं दिलेलं नव्हतं.