पाटी कन्नड की तेलुगू? फोटोतलं गाव शोधण्याची पद्धत

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागात असं घर विरळाच, ज्यातलं कुणी ना कुणी गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात गेलेलं नाही. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारी ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरली आहेत. त्यामुळे इथल्या कपाटांत दुकानांचे फोटो सापडतात, ज्यांच्या पाठीवर ना गाव असतं ना साल. पाटीवर मात्र गोल गोल अक्षरं दिसतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘कानडी आहे, कर्नाटकातला फोटो असणार.’ मिरजेपासून कागवाड हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आपल्याला गोल अक्षर म्हणजे कानडी असंच वाटतं. पण तेलुगूही तितकीच गोल असते.

हे साम्य योगायोगाचं नाही. बदामीच्या चालुक्यांचे शिलालेख ज्या लिपीत आहेत, तिला अभ्यासक जुनी कन्नड-तेलुगू लिपी असंच म्हणतात. दोन्ही भाषा काही शतकं एकाच लिपीत लिहिल्या जात होत्या. साधारण तेराव्या ते पंधराव्या शतकादरम्यान वळणं वेगळी होत गेली आणि एकोणिसाव्या शतकात छापखान्याचे खिळे आले तेव्हा तो फरक पक्का झाला. म्हणून आजही ब, ज, ल, ट, ण, र ही अक्षरं दोन्हीकडे इतकी सारखी आहेत, की एकेकटं दाखवलं तर सवय नसलेल्या माणसाला ती वेगळी सांगता येणार नाहीत. फरक शोधायचा तो अक्षराच्या पोटात नाही, त्याच्या डोक्यावर आणि उजव्या बाजूला.

आधी डोकं पाहू. तेलुगूत क, त, न, व, स अशा बहुतेक अक्षरांच्या माथ्यावर गुरुजी वहीवर करतात तशी बरोबरची खूण असते. कन्नडात त्याच जागी आडवी रेघ असते आणि तिचं उजवं टोक किंचित वर वळलेलं असतं. दोन पाट्या शेजारी ठेवल्या तर तेलुगू पाटीच्या वरच्या कडेला टोकदार खुणांची रांग दिसते, कन्नड पाटीची वरची कड सपाट वाटते.

इथेच नवखे फसतात, कारण ही खूण तेलुगूतही प्रत्येक अक्षरावर नसते. ब, ज, ल, ट, ण यांच्यावर ती मुळातच नाही. ज्यांच्यावर आहे, त्यांना काना, वेलांटी किंवा मात्रा लागली की खूण जाते आणि तिच्या जागी ते स्वरचिन्ह बसतं. म्हणून ‘बालाजी’ असं लिहिलेली तेलुगू पाटी घ्या, त्यात एकही बरोबरची खूण सापडणार नाही. खूण दिसली तर तेलुगू, हे खरं. खूण नाही म्हणून कन्नड, हे मात्र चूक.

अशा वेळी बहुतेक पाट्यांवर पहिलाच असणारा शब्द कामाला येतो. तो म्हणजे ‘श्री’. कन्नडात दीर्घ स्वर दाखवायला अक्षराच्या उजवीकडे एक वेगळं, सुटं चिन्ह उभं राहतं. दीर्घ ई, दीर्घ ए आणि दीर्घ ओ, तिन्हींना तेच चिन्ह. तेलुगूत दीर्घत्व डोक्यावरच्या वळणातच दाखवतात, उजवीकडे सुटं काही येत नाही. त्यामुळे ‘श्री’च्या उजव्या अंगाला, पुढचा शब्द सुरू होण्याआधी एक वळलेली शेपटी वेगळी दिसली, तर पाटी कन्नड आहे. फोटो धूसर असला तरी ही शेपटी बऱ्याचदा ओळखू येते, आणि माझा पहिला भरवसा तिच्यावरच असतो.

दुसरी खात्रीची जागा म्हणजे रफार. ‘मार्केट’, ‘वर्क्स’, ‘हार्डवेअर’, ‘फर्निचर’ या शब्दांवाचून बाजारपेठ चालत नाही. आपण रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर देतो. कन्नडात तो पुढच्या अक्षराच्याही नंतर, उजवीकडे, छोट्या आकड्यासारखा लिहितात. त्याचा आकार कन्नड नऊच्या अंकासारखाच असतो. आजच्या तेलुगूत र जागच्या जागी पूर्ण लिहून पुढचं व्यंजन त्याच्या पायाशी लहान करून टांगतात. जुन्या तेलुगू छपाईत मात्र कन्नडसारखा मागून येणारा रफार आढळतो, म्हणून खूप जुन्या पाटीवर एकट्या रफारावर निकाल देऊ नये.

विट्यातल्या एका घरातला फोटो बघा. दुकानाच्या दारात दोघे उभे आहेत, बाजूला स्कूटर. घरच्यांच्या आठवणीत आजोबांचं दुकान ‘बळ्ळारीकडे’ होतं. पाटीवर खाली इंग्रजीत सिद्धनाथ ज्वेलरी वर्क्स असं जेमतेम लागतं, वर गोल अक्षरांची ओळ. नाव खरसुंडीच्या सिद्धनाथाचं, म्हणजे माणसं आपलीच. आता लिपी पाहू. ‘श्री’च्या उजवीकडे सुटी शेपटी नाही. ‘सि’वर आणि ‘ना’वर बरोबरची खूण नाही, पण त्यांना वेलांटी आणि काना असल्यामुळे ती नसणारच. ‘द्ध’ला काही लागलेलं नाही, आणि त्याच्या माथ्यावर खूण स्पष्ट आहे. तशीच ‘वर्क्स’मधल्या ‘व’वर. ‘वर्क्स’चा र पूर्ण लिहिलाय आणि क, स त्याच्या खाली टांगलेले आहेत. तीन पुरावे एकाच बाजूला झुकतात. पाटी तेलुगू आहे.

पण म्हणून बळ्ळारी खोटी ठरते का? नाही. लिपी भाषेकडे बोट दाखवते आणि भाषा राज्याच्या हद्दीवर थांबत नाही. बळ्ळारीत तेलुगू बोलणारे भरपूर आहेत. आपल्या जत तालुक्यात कन्नड पाटी दिसते आणि सोलापुरात तेलुगू. तेव्हा लिपीनंतर आकडे वाचायचे. एसटीडी कोड इथे निरुपयोगी आहे, कारण बळ्ळारीचा ०८३९२ आणि शेजारच्या अनंतपूरचा ०८५५४, दोन्ही शून्य-आठनेच सुरू होतात आणि फोटोत पुढचे आकडे पुसलेले आहेत. स्कूटरची पाटी एपी ०२, म्हणजे अनंतपूर जिल्हा. पण स्कूटर हद्द ओलांडून येऊ शकते, दुकान येऊ शकत नाही. निकाल लागतो तो पाटीच्या तळाशी असलेल्या पिनकोडने. त्यातले पहिले तीनच आकडे वाचता येतात, ५१५. कर्नाटकचे पिनकोड ५६ ते ५९ने सुरू होतात, बळ्ळारीचा ५८३ने. ५१५ अनंतपूरकडचा. आजोबांचं ‘बळ्ळारीकडे’ दिशा म्हणून बरोबर होतं, दुकान मात्र हद्दीपलीकडे आंध्रात होतं.

फोटो अलीकडचा असेल तर काम आणखी सोपं होतं. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाला आपला क्रमांक प्रवेशाजवळच्या पाटीवर लावावा लागतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६, आंध्र ३७. शेवटच्या दोघांसाठी हे विशेष उपयोगी, कारण तेलंगणा आणि आंध्र यांची लिपी एकच आहे आणि अक्षरं कितीही बारकाईने पाहिली तरी ती दोन राज्यं वेगळी करता येत नाहीत. जीएसटी क्रमांक दिसत नसेल तर पिनकोड पाहावा. ५०ने सुरू होणारा तेलंगणाचा, ५१ ते ५३ने सुरू होणारा आंध्रचा.