कापडावरील जुना लोगो छायाचित्रातून काढणे

कंपनीचा लोगो बदलला, पण शिल्लक छायाचित्रांतील कपड्यांवर जुनाच लोगो राहिला, तर पुन्हा छायाचित्रण करण्याऐवजी तो लोगो संगणकावर पुसून त्याखालचे कापड नव्याने उभे करण्याच्या कामाला ही संज्ञा लागू होते. यातील खरे कौशल्य लोगो पुसण्यात नसून त्या जागी कापडाची वीण जुळवण्यात आहे. साध्या भिंतीवरचा डाग झाकताना थोडी सरमिसळ खपून जाते. कापडावर मात्र ठरावीक अंतराने तेच टाके पुन्हा येत असल्यामुळे चुकलेला सांधा नजरेला लगेच खटकतो.

लोगो छापील आहे की भरतकामाचा, हे आधी पाहावे लागते. पातळ छपाईतून खालची वीण बरेचदा दिसत राहते, म्हणून तिथे रंग बदलला तरी पुरते. भरतकामाच्या धाग्याखाली वीण पूर्ण झाकलेली असते, शिवाय टाक्यांच्या ताणाने आजूबाजूचे कापड आक्रसून बारीक चुण्या पडतात. लोगो गेला आणि चुण्या राहिल्या, तर कापड विनाकारण ओढल्यासारखे दिसते. त्यामुळे लोगोच्या कडेपलीकडचा पट्टाही बदलावा लागतो.

छातीवर भरतकामाचा लोगो असलेला पिके विणीचा पोलो टी-शर्ट हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. या विणीत मधमाशीच्या पोळ्यासारखी घरे असतात आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा अर्ध्या घराने सरकलेली असते. समजा, छायाचित्रात एक घर १४ पिक्सेल रुंद आहे, एका ओळीची उंची ११ पिक्सेल आहे आणि लोगो २४० पिक्सेल रुंद व १६० पिक्सेल उंच आहे. फोटोशॉपमध्ये चित्राच्या दोन प्रती करून खालच्या प्रतीला Gaussian Blur देतात. त्याची त्रिज्या घराच्या साधारण निम्मी, म्हणजे येथे ७ पिक्सेल ठेवली की वीण नाहीशी होते आणि केवळ रंग व छाया उरतात. वरच्या प्रतीवर Apply Image मध्ये खालचा थर निवडून Blending: Subtract, Scale: 2, Offset: 128 असे मूल्य देतात (८ बिटच्या चित्रासाठी) आणि थराचा प्रकार Linear Light करतात. आता वरच्या थरात वीण आणि खालच्या थरात छाया वेगळी झालेली असते. धूसरतेमुळे लोगोचा रंग कडेबाहेरही झिरपतो, म्हणून लोगोभोवती सुमारे २० पिक्सेलचा पट्टा धरून २०० पिक्सेल उंचीचे ठिगळ लागते.

ठिगळ चित्रात लोगोच्या खालच्या बाजूला असलेल्या सपाट कापडातून घेणे सोयीचे, कारण तिथे बटणपट्टी किंवा बाहीची शिवण आड येत नाही. परंतु ते किती वर सरकवायचे, हे अंदाजाने ठरवता येत नाही. सरकलेल्या ओळींमुळे वीण दोन ओळींनंतरच, म्हणजे २२ पिक्सेलनंतर पूर्ववत होते. २२० पिक्सेल सरकवले की दहा पूर्ण आवृत्त्या होऊन घरावर घर बसते. २०९ सरकवले तर ओळी जुळल्या तरी घरे अर्ध्याने चुकतात. देह वळतो तशी वीणही वळते, त्यामुळे ठिगळ नंतर Warp ने हलकेच वाकवावे लागते. ते उलटे मात्र करू नये, कारण प्रत्येक घराची उजेडाची बाजू बदलते आणि उंचवटे खळग्यांसारखे दिसू लागतात.

खालच्या थरात रंग आणि छाया आजूबाजूच्या कापडाच्या आधाराने पसरवतात. लोगोच्या एका कडेला शिरलेली घडीची सावली दुसऱ्या कडेने बाहेर पडली पाहिजे. ती मध्येच विरली तर तो भाग चिकटवल्यासारखा दिसतो. फोटोशॉप ७ मध्ये २००२ साली आलेला Healing Brush पोत आणि रंग एकत्रच जुळवतो, पण लोगोच्या कडेजवळ तो लोगोचाच रंग ओढून घेतो आणि डाग उरतो. २०१० च्या CS5 मधील Content-Aware Fill झटपट भरतो, मात्र मोठ्या भागात विणीची लय तो अनेकदा मध्येच सोडतो.

पडताळणीसाठी वर एक तात्पुरता Curves थर ठेवून चित्राचा गडदपणा तीव्र करतात. छायेचा डाग राहिला असेल तर तो लगेच उघडा पडतो. नंतर चित्र पाव आकारात पाहावे, कारण घरे जुळली नसतील तर लहान आकारात त्या सांध्यावर रेघ उमटते, किंवा बारीक विणीमुळे चित्रात उमटणारे मॉरेचे लहरी पट्टे तिथेच तुटतात. ठिगळातील एखादा गाठाळ धागा मूळ जागी आणि नव्या जागी असा दोनदा दिसला, तर दोहोंपैकी एक पुसावा लागतो.

लोगोवरूनच खोल घडी गेली असेल, तर सपाट ठिगळ वाकवून ती वीण क्वचितच नीट बसते आणि अशा वेळी टी-शर्टचे छायाचित्र नव्याने घेणेच कमी वेळाचे ठरते. गोदामातील मालावर जुनाच लोगो असताना तो केवळ छायाचित्रातून काढणे योग्य नाही. ग्राहकाला चित्रात दिसते ते हाती येत नाही, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा प्रश्न उभा राहू शकतो.