१ जूनपासून खोक्यांचे नवे दर आणि नवी किमान ऑर्डर, हिशेबासकट

नमस्कार,

गेल्या काही महिन्यांत आपण आमच्याकडून खोक्यांचं कोटेशन घेतलंत किंवा नमुना नेलात, पण ऑर्डर अजून दिलेली नाही, म्हणून हे पत्रक आपल्याला पाठवतो आहे. १ जूनपासून आमचे दर वाढत आहेत. तीन प्लायच्या साध्या खोक्यावर ही वाढ साधारण ८ टक्के, म्हणजे १२ × ९ × ६ इंचाच्या खोक्यामागे ९० पैसे आहे. शिवाय आपल्या मापाने बनवून घ्यायच्या खोक्यांची किमान ऑर्डर २०० वरून ५०० नगांवर जाते आहे. लाडू-चिवडा, लोणची, मसाले कुरिअरने पाठवणाऱ्यांना दरापेक्षा ही दुसरी गोष्ट जास्त जाचेल, याची मला कल्पना आहे.

९० पैसे कशाचे?

सगळ्यात जास्त मागणी असलेलं १२ × ९ × ६ इंचाचं खोकं घेऊ. वरचा कागद १५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा, मधल्या नागमोडी थराचा आणि आतला कागद १२० जीएसएम. अशा एका खोक्याचं वजन साधारण १९० ग्रॅम भरतं. कापताना कडेची पट्टी वाया जाते ती धरली तर खोक्यामागे २०० ग्रॅम क्राफ्ट कागद लागतो. हा कागद आम्हाला ३६ रुपये किलोने पडत होता, आता ३९ ने पडतो. म्हणजे ७ रुपये २० पैशांचा कागद ७ रुपये ८० पैशांचा झाला. वाढलेल्या ९० पैशांतले ६० पैसे हे.

उरलेले ३० पैसे आमचे आहेत. पगार वाढवले, खळ आणि पिनेची तार महागली. कागदाच्या नावावर हे खपवता आलं असतं, पण ज्याच्याकडे वजनकाटा आहे त्याला ते पाच मिनिटांत कळतं. जुना दर ११.५० होता, नवा १२.४० आहे, जीएसटी वेगळा.

जीएसटीबद्दल बरेच जण विचारतात: कर तर कमी झाला, मग दर का वाढतो? २२ सप्टेंबर २०२५ पासून कोरुगेटेड खोक्यांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला हे खरं. पण त्याच दिवशी क्राफ्ट कागदावरचा १२ चा १८ झाला. आम्ही पेपर मिलला १८ टक्के मोजतो आणि आपल्याकडून ५ टक्के घेतो. मधल्या फरकाचा परतावा मागता येतो, पण तो हातात पडेपर्यंत आमचं भांडवल अडकून राहतं. ती अडचण आमची आहे. नव्या दरात तिच्यासाठी एक पैसाही धरलेला नाही. आपल्या कोटेशनमध्ये ५ टक्केच लावले आहेत, तो फायदा आपल्याला आधीच मिळालेला आहे.

दर न वाढवण्याचा एक मार्ग होता आणि बाजारात तो सर्रास चालतो: भाव तोच ठेवायचा आणि कागद उतरवायचा. १५० च्या जागी १२० लावला तर खोकं दिसायला तसंच दिसतं, पण थप्पीत सगळ्यात खालचं खोकं कोपऱ्यात दबतं आणि ते कळतं गिऱ्हाइकाच्या दारात. कोणाकडूनही माल घ्या, पण नमुन्याचं एक खोकं जपून ठेवा. माल आला की नव्यातली दहा खोकी घरच्या काट्यावर तोला आणि नमुन्याच्या दहापटीशी ताडून बघा. वर दिलेल्या मापाची दहा खोकी १ किलो ९०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवीत. कागद उतरवला असेल तर शंभर-सव्वाशे ग्रॅम कमी भरतील. दोन्ही वजनं एकाच दिवशी करा, कारण पावसाळी हवेत कागद ओल धरतो आणि हलकं खोकंही जड भरतं.

२०० का चालत नाहीत?

आपलं माप लावायचं म्हणजे घडीच्या रेषा आणि खाचा पाडणाऱ्या मशीनच्या चकत्या सरकवाव्या लागतात, दोन-चार शीट मारून बघाव्या लागतात, घडी नीट बसेपर्यंत पुन्हा सरकवाव्या लागतात. त्यात तासभर मशीन आणि दोन माणसं अडकतात, पंधरा-वीस शीट रद्दीत जातात. हे सेटिंग आम्हाला साधारण १,००० रुपयांना पडतं आणि पुढे २०० खोकी निघोत की २,०००, ते तेवढंच राहतं. ५०० खोक्यांत वाटलं तर नगामागे २ रुपये, २०० मध्ये ५ रुपये.

जुन्या दराने २०० खोक्यांची ऑर्डर घेतली की कागदाचे ७.२० आणि सेटिंगचे ५ मिळून १२.२० होतात आणि बिल ११.५० चं निघतं. पिन, वीज, भाडं पुढेच. हा तोटा आजवर मोठ्या ऑर्डरींतून निघत होता. आता निघत नाही.

आपल्या बाजूने हिशेब असा: २०० खोक्यांना जीएसटीसह २,४१५ रुपये लागत होते, ५०० ना ६,५१० लागतील. आणि जागा वेगळीच. २५ चं एक बंडल, अशी वीस बंडलं. एकेक सुमारे पावणेदोन फूट बाय सव्वा फूट. चार थप्प्या लावल्या तर प्रत्येकी जवळजवळ तीन फूट उंच. दिवाणाखाली हे मावणार नाही.

म्हणून माझा सल्ला धंद्याच्या उलट वाटला तरी सांगतो. महिन्याला ६०-७० च्या वर खोकी लागत नसतील तर मापाची बनवून घेऊच नका. आमच्याकडे सहा तयार मापं असतात, ती आम्ही मोठ्या घाण्यात काढतो, त्यामुळे ५० नगांपासून देता येतात. छपाई नसते. त्यावर आपलं नाव हवं असेल तर रबरी शिक्का किंवा स्टिकर पुरतो. माप अर्ध्या-पाऊण इंचाने मोठं पडलं तर रिकामी जागा कागदाचे बोळे घालून भरून काढा, बरणी हलता कामा नये. मात्र तयार खोकं उभ्या-आडव्या दोन्हीकडून इंचभराहून जास्त मोठं होत असेल तर कुरिअरवाला आकारमानावर वजन धरतो आणि खोक्यात वाचवलेले पैसे तिकडे जातात. अशा वेळी एकाच मापाची दोन-तीन गिऱ्हाइकं मिळून ५०० घेऊ शकतात. बिलं आम्ही वेगवेगळी करून देऊ, अट एवढीच की छपाई नको.

छापील खोक्यांची किमान ऑर्डर आता १,००० आहे. ब्लॉक एकदा केला की आपलाच, पण शाई बदलणं आणि मशीन धुणं दर वेळी आलंच.

जुन्या कोटेशनचं काय?

३१ मेपर्यंत निम्मी रक्कम भरून दिलेली ऑर्डर जुन्या दराने आणि जुन्या २०० च्या अटीने घेऊ. पण केवळ ९० पैसे वाचावेत म्हणून चार महिन्यांचा माल आत्ता उचलू नका. जून-जुलैच्या दमट हवेत घरात, फरशीवर ठेवलेली खोकी मऊ पडतात. घेतलीतच तर लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

नवा दर सप्टेंबरअखेरपर्यंत धरून ठेवणार आहे. मधे कागद किलोमागे २ रुपयांनी उतरला तर खोक्यामागे ४० पैसे कमी करू आणि तसं कळवू. चढला तर सप्टेंबरपर्यंत आम्ही सोसू.

उत्तर पाठवताना खोक्याचं आतलं माप लांबी, रुंदी, उंची याच क्रमाने इंचांत लिहा, आत काय जाणार आणि भरलेल्या खोक्याचं वजन किती, महिन्याला किती नग लागतात तेही लिहा. दहा किलोच्या वर वजन असेल तर तीन प्लायचं कोटेशन बाजूला ठेवा, पाच प्लायचं नव्याने काढून देतो. आणि आता जमत नसेल तर ‘नको’ एवढं लिहिलंत तरी चालेल, यादीतून आपलं नाव काढून टाकू.