भारक्षमतेच्या पत्रात एकूण टनांपलीकडेही वाचायचं असतं

"पुलाचं पत्र 40 टनांचं आहे. मग त्याहून हलका ट्रक बिनधास्त नेता येतो ना?"

नाही. छोट्या पुलावर एकूण वजनापेक्षा ते किती ॲक्सलवर आणि किती अंतरात पसरलंय, हे महत्त्वाचं.

6 मीटर गाळ्याचा, म्हणजे दोन आधारांमध्ये 6 मीटर अंतर असलेला जुना पूल घ्या. 26 टनांच्या आखूड ट्रकचे मागचे दोन ॲक्सल 10-10 टनांचे, 1.2 मीटर अंतरावर. ते मधोमध आले की गर्डरवर, म्हणजे पुलाच्या मुख्य तुळईवर, सुमारे 24 टन-मीटर वाकण, म्हणजे तिला वाकवणारा जोर, येतं. 40 टनांच्या लांब ट्रेलरचं वजन पाच ॲक्सलवर पसरलेलं असतं. ॲक्सलच्या जोड्या दूर ठेवलेल्या, म्हणून या गाळ्यात एका वेळी एकच जोडी येते. त्यांपैकी सर्वांत जड जोडी 9-9 टनांची, अंतर तेवढंच, तर वाकण सुमारे 22. म्हणजे हलका ट्रकच पुलाला जड! लांब गाळ्यावर मात्र एकूण वजनाचं महत्त्व वाढतं.

म्हणून पत्रातली ॲक्सलची मर्यादा आधी वाचा. 'एका वेळी एकच वाहन, मधून, सावकाश' ही अट असेल तर तीही गणिताचाच भाग आहे: वेग कमी ठेवल्याने हादऱ्याचा वाढीव भार घटतो. ती मोडली की पत्रातला आकडा लागू राहत नाही. पुलावर नंतर डांबराचा थर चढला असेल, तर त्याचंही वजन पुलावरच येतं, म्हणून पुन्हा तपासणी मागाच.